रिपोर्टातला ‘एल’ आणि चिखलदऱ्याची उंची

रक्ताच्या रिपोर्टाचा मराठी अनुवाद म्हणजे रकान्यांची नावं बदलायची, आकडे जसेच्या तसे उतरवायचे आणि ‘एल’ दिसला की ‘कमी’ लिहायचं, असा समज आहे. त्यातला आकडे उतरवण्याचा भाग बरोबर आहे. घोळ त्या ‘एल’पाशी होतो.

उदाहरणादाखल एक रिपोर्ट घेऊ. चिखलदऱ्यात राहणारी, आठवा महिना लागलेली बाई. हिमोग्लोबिन ११.४ ग्रॅम प्रति डेसिलीटर, शेजारी मर्यादा १२ ते १५, म्हणून पुढे ‘एल’. अनुवादक लिहितो, ‘रक्त कमी आहे’. पण ही मर्यादा गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीची. गरोदरपणात तांबड्या पेशी वाढतात, पण रक्तातला पातळ भाग त्याहून जास्त वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना शेवटच्या तिमाहीत रक्तक्षयाची सीमा ११ धरते. मग ११.४ म्हणजे सगळं ठीक?

इथे दुसरी गफलत. उंचावर हवा विरळ असते आणि शरीर हिमोग्लोबिन वाढवून ती कसर भरून काढतं. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे. संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार १००० ते १४९९ मीटरवर राहणाऱ्याच्या आकड्यातून ०.८ वजा करून मग तुलना करायची. उरले १०.६, म्हणजे सौम्य रक्तक्षय. घाटाखाली परतवाड्यात राहणाऱ्या बाईचं तेच ११.४ मात्र चालून जातं.

हा हिशोब डॉक्टरांचा, अनुवादकाने तो रिपोर्टात घुसडू नये. त्याने ‘छापील मर्यादेपेक्षा कमी’ एवढंच लिहावं, आणि वय, लिंग, तळटीप यांतलं काही गाळू नये. मर्यादा बहुधा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरते. उरलेले ५ टक्केही निरोगीच असतात, तरी त्यांच्या आकड्यापुढे खूण पडते.

एककाचं तसंच. प्लेटलेट ‘१८०’ आणि एकक ‘हजार प्रति मायक्रोलीटर’ असेल, तर तो आकडा आपल्या नेहमीच्या बोलीत १ लाख ८० हजार, म्हणजे नॉर्मल. एकक गळलं की घरचे लोक रात्रीच गाडी शोधायला निघतात.

मेळघाटात सिकलसेलचा रिपोर्टही वरचेवर हाती येतो. सोल्युबिलिटी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे आजारच, हा पक्का गैरसमज. वाहक आणि रुग्ण यांतला फरक ती सांगत नाही. पुढच्या एचपीएलसी चाचणीत ए सुमारे ५९ टक्के आणि एस ३७ टक्के आलं, तर चित्र बहुधा वाहकाचं असतं. मात्र नुकतंच रक्त चढवलं असेल, तर त्यातलं ‘ए’ दात्याचंही असू शकतं आणि रुग्णही वाहकासारखा दिसतो. म्हणून ‘मागील तीन महिन्यांत रक्त चढवले’ अशी बारीक अक्षरातली नोंद असेल, तर तिचा अनुवाद आकड्यांच्या आधी, वरच यायला हवा.