सात हजार डॉलरच्या पलीकडचा खर्च

रॉबर्ट रॉड्रिग्जचा ‘एल मारियाची’ (१९९२) सुमारे सात हजार डॉलरमध्ये झाला, हे लघुपट करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असते. त्या रकमेचा मोठा भाग कच्ची फिल्म आणि तिच्या प्रक्रियेवर गेला होता, हे फारसे कुणी सांगत नाही. चित्रपटगृहासाठी नवी प्रिंट, ध्वनीची दुरुस्ती आणि जाहिरात यांवर कोलंबिया पिक्चर्सने नंतर त्याच्या कितीतरी पट पैसा ओतला. ‘केवढ्यात झाला?’ या प्रश्नात ‘कुठपर्यंत?’ हा प्रश्न दडलेला असतो.

समजा, पंधरा मिनिटांचा मराठी लघुपट आहे आणि कथा वाईच्या एका वाड्यात घडते. बजेट सुरू होते ते पटकथेच्या ब्रेकडाउनपासून. प्रत्येक प्रसंगापुढे जागा, दिवस की रात्र, पात्रे आणि सामान लिहायचे, आणि एका जागेचे प्रसंग एकत्र करून शूटिंगचे दिवस ठरवायचे. खरा खर्च पानांवर नव्हे, दिवसांवर ठरतो.

नमुन्यादाखल, कॅमेरा, लाइट, वीस माणसांचे मानधन, प्रवास आणि जेवण धरून एका दिवसाला ४५ हजार रुपये लागतात असे मानू. तीन दिवसांचे १ लाख ३५ हजार झाले. आता पटकथेत नायिका नदीकाठी फोनवर बोलते असा एकच प्रसंग आहे. घाटावर युनिट हलवायचे म्हणजे सामान भरणे, उतरवणे, पुन्हा लाइट लावणे. अर्धा दिवस तिथेच जातो. तोच प्रसंग वाड्याच्या अंगणात घेतला, तर शिफ्ट लांबून द्यावे लागणारे जादा पैसे वाचतात. रात्रीच्या प्रसंगांचेही तसेच: जनरेटर आणि वाढीव लाइट आलेच. म्हणून दिग्दर्शक आणि निर्माता यांनी रेकीला सोबत जावे, आणि लेखकालाही न्यावे. प्रसंग बदलणे कागदावर असतानाच फुकट असते.

पूर्वतयारीला ३० हजार धरू. पोस्ट-प्रॉडक्शनला ७५ हजार. संकलन आणि कलर यांकडे सगळ्यांचे लक्ष असते, फसवतो तो आवाज. सेटवर साउंड रेकॉर्डिस्टचे पैसे वाचवले आणि संवादात जनरेटरची घरघर मिसळली, की कलाकारांना पुन्हा बोलावून डबिंग करावे लागते. स्टुडिओचे तास मोजून बिल येते, आणि पहिल्या दिवसाचा अभिनय हरवतो तो वेगळाच. संगीताच्या हक्कांची लेखी परवानगीही याच टप्प्यात हवी. नाहीतर यूट्यूबवर दावा लागतो.

वितरणासाठी ३० हजार बाजूला काढावेत: महोत्सवांचे प्रवेशशुल्क, इंग्रजी सबटायटल्स, पोस्टर, थिएटरसाठी डीसीपी. चित्रपटगृहात जाहीर प्रदर्शन करायचे तर सेन्सॉर प्रमाणपत्राचा खर्चही त्यात येतो.

बेरीज २ लाख ७० हजार. त्यावर दहा टक्के, म्हणजे २७ हजार, पावसासाठी आणि बिघाडासाठी ठेवले की आकडा २ लाख ९७ हजारांवर जातो. ही राखीव रक्कम कॅमेऱ्याची लेन्स बदलायला वापरू नये. रोज पॅकअपनंतर खर्च झालेला पैसा अंदाजाशेजारी लिहिला, तर पहिल्याच संध्याकाळी कळते की जेवण आणि गाड्या अंदाजाबाहेर चालल्यात, आणि उरलेल्या दोन दिवसांतले प्रसंग कापायला अजून वेळ असतो.