५०१ रुपयांचं बक्षीस आणि चार पर्याय

कानपूरच्या एका घरातून मुलगा पळून गेला. घरमालक गौरी दत्त यांनी पदरचा नोकर लालमन शुक्ल याला शोध घ्यायला हरिद्वारकडे पाठवलं. तो निघून गेल्यावर मालकांनी मुलाला शोधून आणणाऱ्याला ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. मुलगा लालमनलाच सापडला, पण तेव्हा बक्षिसाचं त्याच्या कानावर आलेलं नव्हतं. पुढे त्याने त्या पैशांसाठी दावा लावला आणि १९१३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात तो हरला. जो प्रस्ताव माहीतच नव्हता, तो त्याने स्वीकारला असं म्हणता येत नाही, हे त्या निकालाचं सार.

विधी प्रवेश परीक्षेच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की कुणीतरी कळवळून म्हणतंच, "सर, हा तर अन्याय झाला!" भावना खरी असते आणि वकील होऊ पाहणाऱ्या मुलामुलींमध्ये ती असायलाच हवी. पण परीक्षेत गुण जातात ते नेमके इथेच.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी होणाऱ्या क्लॅट या परीक्षेत बारावीनंतरच्या अभ्यासक्रमासाठी १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला एक गुण मिळतो, चुकलेल्याला पाव गुण कापला जातो. कायदेशीर तर्काचे २८ ते ३२ प्रश्न असतात, इंग्रजी आकलनाचे २२ ते २६. दोन्हीकडे साधारण साडेचारशे शब्दांचा उतारा आणि त्याखाली प्रश्नांचा झुबका. कायदेशीर तर्कासाठी आधीच्या कायद्याच्या ज्ञानाची गरज नसते, लागणारा नियम उताऱ्यातच दिलेला असतो. म्हणून कलमं पाठ करण्यात महिने घालवणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. पाठ केलेलं कलम उताऱ्यातल्या नियमापेक्षा थोडं वेगळं असलं, की तेच उलटतं.

एक प्रश्न सोडवून पाहू. समजा उताऱ्यात म्हटलंय: बक्षिसाची जाहिरात हा प्रस्ताव असतो. त्यातली अट पुरी करणं म्हणजे तो स्वीकारणं. मात्र अट पुरी होते त्या वेळी त्या व्यक्तीला प्रस्ताव माहीत असला पाहिजे. तिने ते काम कोणत्या हेतूने केलं, याला महत्त्व नाही.

आता प्रसंग. सुनंदाला एसटी स्टँडवर एक पर्स सापडते. आतल्या पत्त्यावर जाऊन ती पर्स मालकिणीच्या हातात देते. संध्याकाळी घरी आल्यावर पेपर उघडते तर जाहिरात: 'पर्स परत आणून देणाऱ्यास २,००० रुपये'. तिला हे पैसे हक्काने मागता येतील का?

पहिला पर्याय म्हणतो, हो, कारण तिने प्रामाणिकपणा दाखवला. दुसरा म्हणतो, हो, कारण जाहिरात सगळ्यांसाठी होती. तिसऱ्यात म्हटलंय, नाही, कारण तिने पैशांसाठी पर्स दिलीच नव्हती. चौथ्यात आहे, नाही, कारण पर्स देताना तिला जाहिरात माहीत नव्हती.

पहिला पर्याय मनाला पटतो, पण उताऱ्यात प्रामाणिकपणाचा शब्दही नाही. दुसऱ्यातलं विधान खरं आहे, पण तेवढ्याने माहितीची अट पुरी होत नाही. तिसरा सर्वांत फसवा. त्याचं 'नाही' बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं, कारण हेतूला महत्त्व नाही असं उतारा स्पष्ट सांगतो. उत्तर चौथं. हुशार मुलं बहुतेक वेळा तिसऱ्यावर घसरतात. 'हो की नाही' एवढं मनात ठरलं की ती पुढचं 'कारण' नीट वाचत नाहीत.

खरी मेहनत इथून पुढे. प्रसंगातली एक एक गोष्ट बदलून बघायची. सुनंदाने जाहिरात सकाळीच वाचली होती, पण पर्स दिली ती म्हाताऱ्या मालकिणीची कणव येऊन. पैसे मिळतील, कारण माहिती होती आणि हेतू बघायचा नाही. आता पर्स सापडल्यावर, परत द्यायला जाताना बसमध्ये तिने जाहिरात वाचली असं धरा. तरीही मिळतील, कारण अट 'परत आणून देण्याची' आहे आणि ती पुरी होताना तिला माहिती होती. पण जाहिरातीत 'पर्स शोधून काढणाऱ्यास' असं असतं तर? मग अट स्टँडवरच पुरी झाली आणि त्या क्षणी तिला काहीच ठाऊक नव्हतं. एका क्रियापदाने निकाल फिरला. माझ्या मते एका उताऱ्याशी अर्धा तास असं झटणं हे दहा उतारे भराभर सोडवण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

त्यासाठी नियम वाचतानाच तो अटींमध्ये फोडायची सवय लागते. वरच्या नियमात तीन प्रश्न आहेत: प्रस्ताव होता का, अट पुरी झाली का, तेव्हा माहिती होती का. 'परंतु', 'जोपर्यंत', 'वगळता' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी, कारण अपवाद तिथेच दडलेले असतात आणि प्रश्न बहुतेक अपवादावरच काढलेला असतो.

आकलनाच्या उताऱ्यातही शिस्त तीच, फक्त नियमाच्या जागी लेखकाचं मत येतं. रस्ता रुंदीकरणासाठी झाडं तोडण्यावरचा लेख घ्या. नियोजनकारांच्या मते वाहतूक सुटसुटीत होईल, असं लेखक सांगतो. काही वर्षं तसं होईलही, असंही मान्य करतो. मग 'पण' म्हणून लिहितो की रुंद रस्ता नवी वाहनं ओढून घेतो. 'लेखकाचं म्हणणं काय?' या प्रश्नाला 'रुंदीकरणाने कोंडी कधीच कमी होत नाही' हा पर्याय चूक, कारण काही वर्षांची सूट त्याने स्वतःच दिली आहे. 'कोंडी सुटेल' हे मत दुसऱ्यांचं. 'फायदा टिकणारा नाही' एवढंच त्याचं. 'कधीच', 'नेहमी', 'फक्त' असे शब्द पर्यायात दिसले की उताऱ्यात तितकं ठाम विधान आहे का, ते परत जाऊन बघावं.

क्लॅट इंग्रजीतून होते. आपल्या राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते, पण क्लॅटमध्ये ती सोय नाही. मराठी माध्यमातल्या मुलांना पहिली अडचण शब्दांची वाटते, प्रत्यक्षात ती लांब वाक्यांची असते. इंग्रजी अग्रलेखातला एक परिच्छेद वाचून त्याचं सार मराठीत एका वाक्यात लिहायचं, हा सराव मी रोज करायला सांगतो. जिथे सार लिहिता येत नाही, तिथे वाक्यातला कर्ता किंवा मुख्य क्रियापद हातातून निसटलेलं असतं. वेळेचं गणितही याच्याशीच बांधलेलं आहे. पाच प्रश्नांच्या उताऱ्याला पाच मिनिटं धरली तर वाचायला साधारण अडीच मिनिटं मिळतात, म्हणजे मिनिटाला १८० शब्द. हा वेग अंगात येईपर्यंत सुरुवातीचे काही आठवडे घड्याळ न लावता वाचलेलं बरं.

सराव परीक्षेनंतर चुकांची वही ठेवावी आणि तिच्यात बरोबर उत्तर उतरवण्याऐवजी चुकीचा पर्याय का आवडला ते लिहावं. एका विद्यार्थिनीच्या वहीत मी वाचलं होतं: 'प्रश्न ६३. उताऱ्यात नसलेलं कारण निवडलं, कारण मला ते न्याय्य वाटलं.' खाली पुढच्या चार परीक्षांच्या तारखा होत्या आणि प्रत्येकीपुढे याच प्रकारच्या चुकांची संख्या: सात, पाच, पाच, दोन.