हप्ता पाच तारखेला की पंधरा तारखेला?

पगार महिन्याच्या सुरुवातीला जमा होतो आणि गृहकर्जाचा हप्ता पंधरा तारखेला कापला जातो. तोच हप्ता पाच तारखेला भरला तर व्याज वाचेल का? वाचेल, पण बँक रोजच्या शिलकीवर व्याज आकारत असेल तरच.

समजा, ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले आहे. त्याचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये बसतो आणि सुरुवातीला दिवसाचे व्याज ६९९ रुपये होते. हप्ता दहा दिवस आधी भरला, की तेवढ्या रकमेवरचे दहा दिवसांचे व्याज वाचते. ते होते जेमतेम ६१ रुपये. हेच पैसे बचत खात्यात राहिले असते, तर अडीच टक्क्यांनी १८ रुपये मिळाले असते. म्हणजे खरा फायदा महिन्याला ४३ रुपयांचा.

मात्र दर महिन्याचे हे ६१ रुपये मुद्दल कमी करतात आणि त्यांच्यावरचे पुढचे व्याजही टळते. त्यामुळे वीस वर्षे हा नेम पाळला, तर शेवटी सुमारे ३८,००० रुपये, म्हणजे जवळपास दीड हप्ता कमी भरावा लागतो. याउलट कर्जाच्या पहिल्याच महिन्यात एकदाच एक जादा हप्ता भरला, तर शेवटचे पाचेक हप्ते वाचतात. बदलत्या दराच्या गृहकर्जात अशी रक्कम भरण्यासाठी बँक वैयक्तिक कर्जदाराकडून शुल्क घेऊ शकत नाही.

तुमच्या कर्जावर व्याज रोजच्या हिशेबाने लागते का, हे खातेउताऱ्यावरून कळते. जानेवारी आणि फेब्रुवारीचे व्याज ताडून पाहा. वरच्या कर्जात ३० लाख बाकी असताना ३१ दिवसांचे व्याज सुमारे २१,६५८ रुपये होते, तर २८ दिवसांचे १९,५६२. असा ठळक फरक दिसला, तर हिशेब दिवसांचा आहे. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील, तर तो महिन्याचा आहे आणि महिन्यात आधी भरून उपयोग नाही.

अडचण येते ती आपोआप होणाऱ्या कपातीची. पाच तारखेला तुम्ही स्वतः भरलेली रक्कम बँकेने जादा परतफेड म्हणून धरली, तर पंधराला खात्यातून पुन्हा हप्ता जाईल. तेव्हा शिल्लक नसेल, तर हप्ता परत गेल्याचे शुल्क आणि दंड बसेल. अशा एका चुकीत कित्येक महिन्यांची बचत बुडते.

म्हणून आधी शाखेत विचारा, कपातीची तारीखच पगारानंतर लगेचची करून मिळते का. मिळत असेल तर ती करून घ्या. नसेल, तर हप्ता ठरल्या तारखेलाच जाऊ द्या आणि बोनस हाती आला, की तो थेट मुद्दलात भरा.