तंबोल्याचं गणित : गप्पांचा बोनस आणि खोलीतली गर्दी

पंचाहत्तर आकड्यांच्या बिंगोवर या आठवड्यात लिहिणार होतो. ते पुढच्या खेपेला, कारण इटियाडोहहून एका वाचक ताईंचा प्रश्न आलाय आणि तो आधी सोडवलाच पाहिजे. २०२०च्या टाळेबंदीत त्यांच्या नातेवाइकांचा व्हॉट्सॲपवर तंबोला सुरू झाला, तो अजून चालतो. त्यांची भाची इंग्लंडमध्ये असते आणि तिथल्या ऑनलाइन बिंगोच्या खोल्यांमध्ये पैसे लावून खेळते. तिचं ठाम मत असं, की गप्पांच्या खिडकीत बोनस वाटतात त्या खोलीत फुल हाऊस लवकर लागतं. ताई विचारतात, हे खरं का?

भाचीला दिसतं ते खरं आहे, पण तिने लावलेला अर्थ चुकीचा आहे.

आकडे कोणत्या क्रमाने निघणार हे संगणकाची यादृच्छिक निवड ठरवते. गप्पांची खिडकी सांभाळणारी व्यक्ती कोडी घालते, पहिलं बरोबर उत्तर देणाऱ्याला गुण किंवा फुकट तिकीट देते. आकड्यांशी तिचा काही संबंध नसतो. मग फुल हाऊस लवकर का लागतं? खोलीत गर्दी असते म्हणून. नव्वदच्या खेळात तिकिटावर पंधरा आकडे असतात. ठरावीक एक तिकीट साठ आकडे पुकारेपर्यंत पूर्ण भरण्याची शक्यता सुमारे ८६१ मध्ये एक. खोलीत दोनशे तिकिटं असतील तर साठाच्या आत कुणाचं तरी फुल हाऊस होईल असे डाव साधारण पाचात एक. हजार तिकिटं असतील तर तीन डावांपैकी दोनांत ते होतं. बोनसच्या वेळेला माणसं जमतात, तिकिटं वाढतात आणि ‘हाऊस’ लवकर ऐकू येतं. ते कुणाचं तरी असतं. तुमचं असण्याची शक्यता गर्दीने उलट कमी झालेली असते.

आता बोनसचा हिशोब. एका खोलीत पन्नास खेळाडू, प्रत्येकाची चार तिकिटं, तिकीट दहा पेन्सचं. एकूण दोनशे तिकिटं, विक्री वीस पौंड, त्यातले चौदा बक्षिसाला. तुमची शक्यता दोनशेत चार, म्हणजे दोन टक्के. गप्पांमध्ये सगळ्यांना एकेक तिकीट फुकट मिळालं तर तुमची पाच होतात, पण खोलीत अडीचशे. पुन्हा दोनच टक्के! बक्षीसही तेवढंच. फक्त तुम्हाला एकटीलाच तिकीट मिळालं तर शक्यता जवळजवळ अडीच टक्के होते हे मान्य. पण दहा पेन्स देऊन पाचवं तिकीट घेतलं असतं तरी तेवढीच झाली असती. त्या फुकट तिकिटाची सरासरी किंमत सात पेन्स. आणि ते मिळवायला खोलीत बसून खेळावं लागतं. चार तिकिटांचे चाळीस पेन्स जातात, सरासरी अठ्ठावीस परत येतात. तासाला दहा डाव झाले तर एक पौंड वीस पेन्स गेले. सात पेन्ससाठी हा सौदा मला तरी परवडणारा वाटत नाही.

खरा फरक पडतो तो खोलीच्या प्रकाराने. काही खोल्यांत बक्षीस विक्रीवर ठरतं. तिथे खोली रिकामी असली तर शक्यता वाढते, पण बक्षीसही त्याच मापात घटतं. हाती येणारी सरासरी तीच. काही खोल्यांत बक्षीस आधीच ठरलेलं असतं. तिथे चौदा पौंडांसाठी फक्त चाळीस तिकिटं विकली गेली असतील तर दहा पेन्सच्या तिकिटाची सरासरी किंमत पस्तीस पेन्स. अशी वेळ क्वचित मिळते, आणि ती बहुधा गप्पा थंड असताना मिळते. म्हणजे ठरीव बक्षिसाच्या खोलीत बोनसची वेळ गाठणं हे आपल्याच नुकसानीचं.

एक इशारा अशा खोल्यांतल्या ‘चाळीस आकड्यांत फुल हाऊस, मोठं बक्षीस’वाल्या पाटीबद्दल. एका तिकिटाला हे जमण्याची शक्यता सुमारे अकरा लाख अडतीस हजारांत एक आहे. दोनशे तिकिटांच्या खोलीत सरासरी पाच हजार सातशे डावांमागे एकदा. पन्नास आकड्यांची मुदत दिली तर एका तिकिटाची शक्यता सुमारे वीस हजारांत एकवर येते. पाटीवरची रक्कम वाचण्याआधी मुदतीचा आकडा वाचावा.

ताईंच्या घरच्या तंबोल्यात पैसे नसतात, तिथे हे काही लागू नाही. आपल्याकडे २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली आहे. ताई, भाचीला दोन गोष्टी विचारा आणि मला कळवा: तिच्या खोलीत बक्षीस ठरीव असतं की विक्रीवर, आणि बोनसच्या वेळी किती तिकिटं विकली जातात?