शिल्लक किती, धोके किती?

लंडनच्या 2012 ऑलिम्पिकसाठी 2007 मध्ये सुमारे 9.3 अब्ज पौंडांचा खर्च ठरला. त्यातले 2.7 अब्ज केवळ अनपेक्षित अडचणींसाठी राखलेले होते. पुढच्याच वर्षी आर्थिक संकट आले, खेळाडूंच्या वसाहतीसाठीचा खासगी पैसा आटला आणि राखीव रकमेला हात घालावा लागला.

अशा वेळी नुसती शिल्लक पाहून भागत नाही. समजा, 6 कोटी उरलेत. 8 कोटींच्या फटक्याची शक्यता निम्मी, म्हणजे 4 कोटी. 10 कोटींच्या फटक्याची 30 टक्के, म्हणजे 3. बेरीज 7! तिजोरी भरलेली दिसते, पण 1 कोटी कमीच.

म्हणून धोक्यांची यादी ठरावीक काळाने पुन्हा तपासतात: टळलेले खोडायचे, नवे लिहायचे. लेखापरीक्षणात ठरलेले उपाय खरेच झाले का, कामी आले का, हे पाहतात. महिनोन्महिने यादी तीच असेल, तर ती कुणी उघडलेलीच नाही असे खुशाल समजावे.