चाकणचा अर्ज हाय फाँगच्या टेबलावर

समजा, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये सहा वर्षं काढलेला मराठी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पत्र्याचे भाग कापणाऱ्या डायचं काम त्याच्या हातात बसलेलं आहे. त्याला उत्तर व्हिएतनाममधल्या हाय फाँग शहराजवळच्या एका कारखान्यात अर्ज करायचा आहे. कंपनी परदेशी गुंतवणुकीची असती तर इंग्रजी पत्रावर भागलं असतं. पण ही अस्सल व्हिएतनामी मालकीची, मधल्या आकाराची कंपनी. तिथं मनुष्यबळ विभागापासून प्रॉडक्शन मॅनेजरपर्यंत सगळे कागद व्हिएतनामीतच फिरतात. म्हणून पत्रही व्हिएतनामीत हवं.

पहिला प्रश्न पत्राच्या डोक्यावरच येतो. व्हिएतनाममध्ये नोकरीच्या अर्जाचे दोन प्रकार रूढ आहेत. जुन्या पद्धतीचा अर्ज म्हणजे ‘डन सिन व्हिएक’. त्याच्या माथ्यावर मध्यभागी देशाचं संपूर्ण अधिकृत नाव आणि त्याखाली ‘स्वाधीनता, स्वातंत्र्य, सुख’ या अर्थाचं राष्ट्रीय ब्रीद लिहिलेलं असतं. सरकारी कार्यालयं आणि कामगारभरतीसाठी हा साचा अजून चालतो. त्याचे छापील नमुनेही मिळतात. दुसरा प्रकार ‘थू सिन व्हिएक’, म्हणजे आपल्या ओळखीचं कव्हर लेटर. खासगी कंपनीत इंजिनिअरच्या जागेसाठी हाच योग्य. त्यावर राष्ट्रीय ब्रीद नसतं. इंटरनेटवर सापडलेला पहिलाच नमुना उचलणारे उमेदवार नेमके इथं फसतात आणि परदेशी माणसाच्या पत्रावर विनाकारण सरकारी मथळा येतो.

मग येतो ‘मी’. व्हिएतनामीत बोलणारा स्वतःला काय म्हणतो, हे समोरच्याच्या वयावर आणि नात्यावर ठरतं. मोठ्यांशी बोलताना धाकटा स्वतःला ‘एम’ म्हणतो, म्हणजे धाकटं भावंड. तिथले नुकतेच पदवी घेतलेले तरुण ईमेलमध्येही असं लिहितात. पण सहा वर्षांच्या अनुभवी माणसानं न पाहिलेल्या व्यक्तीला लिहिताना ‘तोय’ हे तटस्थ रूपच वापरावं. सुरुवात ‘किन गुई’ने करावी, त्यात ‘सादर’चा भाव आहे. कंपनीचा उल्लेख येईल तिथं आधी ‘क्वी’ हा आदरार्थी शब्द लावावा. एवढं सांभाळलं की पत्राचा सूर जमतो.

खरी परीक्षा मधल्या परिच्छेदाची. ‘मी मेहनती असून सांघिक काम करतो’ हे वाक्य कुठल्याही भाषेत वाया जातं. आपल्या इंजिनिअरनं काय लिहावं, ते पाहू. समजा, त्याच्या लाइनवर १.२ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा एक ब्रॅकेट कापला जात होता आणि कडेला बर येत असल्यामुळे ३.५ टक्के माल रिजेक्ट होत होता. बर येण्याची नेहमीची कारणं दोन: पंच आणि डायमधला क्लिअरन्स गरजेपेक्षा जास्त असणं किंवा धार बोथट होणं. त्यानं मोजमाप केलं, तेव्हा क्लिअरन्स ठीक निघाला. एका बाजूला पत्र्याच्या जाडीच्या सुमारे ६ टक्के, म्हणजे ०.०७ मिलिमीटर. मग त्यानं ठरावीक स्ट्रोकनंतर नमुने काढून बरची उंची नोंदवली. ४०,००० स्ट्रोकच्या पुढे ती झपाट्यानं वाढत होती, आणि डाय ग्राइंडिंगला जात होती ६०,००० नंतर. ग्राइंडिंगचा टप्पा अलीकडे आणल्यावर रिजेक्शन १.२ टक्क्यावर आलं. हे चार-पाच साध्या वाक्यांत लिहिलं, की वाचणाऱ्या मॅनेजरला माणूस कळतो. ग्राहक कंपनीचं नाव आणि ड्रॉइंगचा तपशील मात्र पत्रात नको. आधीच्या मालकाची गुपितं फोडणारा आपलीही फोडेल, हे तिथल्या मॅनेजरलाही समजतं.

आता हेच आकडे व्हिएतनामीत उतरवताना एक छोटा पण घातक फरक आहे. तिथं दशांश दाखवायला स्वल्पविराम आणि हजार वेगळे करायला टिंब वापरतात. आपले ०.०७ मिलिमीटर तिथं ०,०७ होतात, आणि ४०,००० स्ट्रोक होतात ४०.०००. आपल्या पद्धतीनं ४०,००० तसंच ठेवलं, तर तिथल्या नियमानं ते ‘चाळीस, आणि दशांशानंतर तीन शून्यं’ असं वाचलं जाईल. लाख-कोटी तर तिथं नाहीतच. वर्षाचं उत्पादन १२.५ लाख नग असेल, तर १,२५ दशलक्ष असं लिहावं लागेल. भाषांतर करणारा बऱ्याचदा शब्द बदलतो आणि आकडे तसेच सोडतो. त्यामुळे सगळे आकडे इंजिनिअरनं स्वतः तपासायला हवेत.

हे पत्र आणखी एका कामाला येतं, ते म्हणजे वर्क परमिटच्या. परदेशी माणसाला नोकरी देताना व्हिएतनामी कंपनीला त्या जागेसाठी परदेशी का हवा, याचं समर्थन सरकारकडे करावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून लागू असलेल्या आदेशानुसार ‘तज्ज्ञ’ या वर्गासाठी साधारणपणे पदवी आणि जागेला साजेसा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो; आधी ही अट तीन वर्षांची होती. परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं. म्हणून ‘सहा वर्षं उत्पादन क्षेत्रात’ असं मोघम लिहू नये. ‘सहा वर्षं प्रेस डायची देखभाल आणि सुधारणा’ असं लिहिलं, तर कंपनीला समर्थनाचा मजकूर आयता मिळतो. आधीच्या कंपनीच्या अनुभवपत्रातही तेच काम त्याच शब्दांत असायला हवं. पत्रात ‘टूल इंजिनिअर’ आणि दाखल्यात ‘सीनिअर एक्झिक्युटिव्ह’ असेल, तर गाडी तिथंच अडते.

नावाचा घोळही इथंच होतो. व्हिएतनामी माणूस आडनाव आधी आणि स्वतःचं नाव शेवटी लिहितो, आणि त्याला हाक मारतात ती त्या शेवटच्या शब्दानं. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो. उदाहरणादाखल ‘कुलकर्णी अमोल विजय’ घ्या. तिथला माणूस हे वाचून उत्तर पाठवेल, ‘नमस्कार, विजय!’ आणि पत्राखाली ‘अमोल विजय कुलकर्णी’ अशी सही असेल, तर ‘नमस्कार, कुलकर्णी!’ त्यापेक्षा पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव लिहून ‘मला अमोल म्हणावे’ असं एक वाक्य घालावं. पासपोर्ट, पदवी आणि अनुभवपत्रात नाव वेगवेगळ्या रूपात असेल, तर तेही आधीच कळवावं.

शेवटचा मुद्दा भाषेच्या पातळीचा. अस्खलित व्हिएतनामीतलं पत्र पाहून मुलाखत घेणारा व्हिएतनामीतच सुरुवात करेल आणि दुसऱ्या वाक्याला उमेदवार गप्प बसेल. म्हणून पत्रातच स्पष्ट लिहावं: ‘हे पत्र भाषांतरकाराच्या मदतीनं लिहिलं आहे. मी रोजचं जुजबी बोलू शकतो. तांत्रिक चर्चेसाठी मला इंग्रजी किंवा दुभाषा लागेल.’ पाठवण्यापूर्वी एखाद्या व्हिएतनामी इंजिनिअरकडून पत्र वाचून घेता आलं, तर जरूर घ्यावं. भाषा शिकवणाऱ्याला व्याकरण दिसतं. डाय, बर आणि क्लिअरन्सला शॉप फ्लोअरवर कोणते शब्द चालतात, हे मात्र तिथं काम केलेल्यालाच माहीत असतं.