वृषणाचं दुखणं: आधी घड्याळ, मग औषध

वृषणात दुखायला लागलं की आपल्याकडचा पुरुष एक-दोन दिवस कुणाला सांगतच नाही. मग ओळखीच्या मेडिकलमध्ये जाऊन आवाज खाली घेऊन ‘खाली इन्फेक्शन झालंय, एखादी गोळी द्या’ म्हणतो. पाच दिवसांची सिप्रोफ्लॉक्सासिन आणि एक दुखण्याची गोळी घेऊन तो घरी येतो. दुखणं दबतं, कधी कधी दबत नाही. गोळी चुकली, हे त्याला महिन्याभराने कळतं आणि दुखणं वेगळंच असेल तर कळेपर्यंत वृषण गेलेलं असतं.

प्रत्येक वृषणाच्या मागच्या बाजूला एका नळीचं वेटोळं चिकटलेलं असतं. त्याला एपिडिडायमिस किंवा मराठीत अधिवृषण म्हणतात. उलगडली तर ही नळी जवळजवळ ६ मीटर भरते. वृषणात तयार झालेले शुक्राणू तिच्यातून पुढे सरकताना पक्व होतात आणि मग वीर्यवाहिनीतून वर मूत्रमार्गाकडे जातात. वाट तीच, पण जंतूंना ती उलटी वापरता येते. मूत्रमार्गात किंवा लघवीत असलेले जंतू वीर्यवाहिनीतून खाली उतरतात आणि अधिवृषणाला सूज येते. म्हणजे जंतू कोणता हे ओळखायचं, तर त्या पुरुषाच्या मूत्रमार्गात तो येण्याची शक्यता कशामुळे आहे, हे आधी पाहायला हवं. इथे वयाचा उपयोग होतो. डॉक्टर साधारण ३५ वर्षांची रेघ धरतात. ती काही पक्की भिंत नव्हे, पण अंदाज बांधायला चांगली आहे.

समजा, २७ वर्षांचा एक तरुण आहे. पुण्यात नोकरी, लग्न ठरलेलं. परवापासून उजवीकडे थोडं जड वाटत होतं, काल दुखायला लागलं, आज चालताना पाय फाकवावे लागतायत. अंगात कणकण आहे. डॉक्टर तपासताना वृषणाचा पुढचा भाग हलकेच दाबतात तेव्हा तो फारसा कळवळत नाही, मागची दोरीसारखी जाड झालेली पट्टी दाबताच मात्र उसळतो. हे अधिवृषणाच्या सुजेचं नेहमीचं चित्र. आता डॉक्टरांनी सोबत आलेल्या वडिलांना बाहेर बसायला सांगायला हवं. कारण पुढचे प्रश्न असे आहेत: लघवीला जळजळ आहे का, लिंगातून पाणी किंवा पू येतो का, गेल्या दोन महिन्यांत कुणाशी संबंध आला, निरोध वापरला होता का, गुदमैथुन झालं का. वडिलांसमोर या प्रश्नांची उत्तरं ‘नाही, नाही, नाही’ अशीच येतात आणि औषध चुकतं.

या वयात लैंगिक संबंधातून येणारे दोन जंतू सर्वांत आधी धरतात, क्लॅमिडिया आणि गनोरिया, म्हणजे ज्याला पूर्वी परमा म्हणायचे तो. क्लॅमिडियाची गंमत अशी की पुष्कळांना त्याचा त्रासच जाणवत नाही, त्यामुळे ‘मला तर काहीच नव्हतं’ या म्हणण्यावर विसंबता येत नाही. तपासणीसाठी लघवीची पहिली धार घेतात. किमान तासभर लघवी न करता मग सुरुवातीची थोडीच गोळा करायची, कारण जंतू मूत्रमार्गाच्या अस्तरावर असतात आणि ते त्या पहिल्या धारेबरोबर बाहेर येतात. लॅबमध्ये आपण एरवी ‘मधली धार द्या’ ऐकतो, ती सवय इथे उलट पडते.

अहवाल यायला वेळ लागतो, पण औषध थांबवत नाहीत. प्रचलित उपचार असा: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ५०० मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन स्नायूत आणि डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. दोन औषधं कशाला? इंजेक्शन गनोरियासाठी आहे, क्लॅमिडियावर ते चालत नाही. डॉक्सिसायक्लिन क्लॅमिडियासाठी आहे, गनोरियासाठी एकट्या त्याचा भरवसा धरता येत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन यात कुठेच बसत नाही. गनोरियाचे जंतू त्याला केव्हाच सरावले आहेत आणि क्लॅमिडियावर ते कमजोर आहे. गुदमैथुनाचा उल्लेख आला तर आतड्यातले जंतूही धरावे लागतात आणि डॉक्सिसायक्लिनच्या जागी लिव्होफ्लॉक्सासिन येतं. एका प्रामाणिक उत्तराने चिठ्ठीवरचं औषध बदलतं ते असं.

डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेला चिकटून जखम करते. लंगोट किंवा घट्ट चड्डी घालून वृषणाला आधार दिला तर दुखणं बरंच उतरतं. याच वेळी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही करून घ्यावी. आणि या तरुणाचे गेल्या ६० दिवसांत ज्यांच्याशी संबंध आले त्यांनाही तपासणी आणि औषध लागतं, नाहीतर तो बरा होऊन पुन्हा तिथूनच आजारी पडतो. सरकारी रुग्णालयांत यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात आणि तिथे उपचार मोफत मिळतात.

आता ६६ वर्षांचे आजोबा घेऊ. वर्षभरापासून लघवीची धार बारीक झाली आहे, रात्री चार वेळा उठावं लागतं. गेल्या आठवड्यात लघवी अडकली म्हणून नळी घातली होती. ती काढल्यावर तिसऱ्या दिवशी ताप, थंडी आणि डावीकडे लिंबाएवढी सूज. दुखणं त्या तरुणासारखंच, पण जंतू बहुधा वेगळा. प्रोस्टेट वाढल्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, साचलेल्या लघवीत आतड्यातला ई. कोलाय वाढतो आणि नळीने त्याची वाट सोपी करून दिलेली असते. यांच्याकडून मधल्या धारेची लघवी घेऊन कल्चर करतात. कोणता जंतू वाढला आणि तो कोणत्या औषधाला दबतो, हे त्यातून दोन-तीन दिवसांत कळतं.

अशा रुग्णाला पाश्चात्त्य पुस्तकांत लिव्होफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम रोज एकदा, १० दिवस असं लिहिलेलं सापडतं. आपल्याकडे ते डोळे मिटून द्यावं असं मला वाटत नाही. भारतात ई. कोलायचे पुष्कळ नमुने या गटाच्या औषधांना दाद देत नाहीत. शिवाय साठीनंतर, विशेषतः स्टेरॉइड चालू असतील तर, या औषधाने घोट्यामागचा स्नायुबंध तुटण्याचा धोका वाढतो आणि मधुमेह्याची साखर वर-खाली होते. म्हणून कल्चरसाठी लघवी आधी द्यायची, औषध लगेच सुरू करायचं आणि अहवाल आला की गरजेप्रमाणे बदलायचं. ताप जास्त असेल, थंडी वाजत असेल तर दाखल करून शिरेतून औषध द्यावं लागतं. आणि सूज उतरल्यावर प्रोस्टेटचं काहीच केलं नाही, तर आजोबा काही महिन्यांत पुन्हा दारात उभे.

वयाच्या रेघेला अपवाद भरपूर आहेत. पन्नाशीतल्या माणसालाही लैंगिक संबंधातून जंतू लागू शकतो आणि तो प्रश्न विचारायला डॉक्टर संकोचले तर तोटा रुग्णाचाच. दोघांनाही लागू असलेली एक कसोटी मात्र आहे: योग्य औषध सुरू झाल्यावर ७२ तासांत ताप आणि दुखणं कमी व्हायला हवं. गाठ विरायला काही आठवडे लागतात, त्याची काळजी नको. पण तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर परत जायचं. पू साचला आहे का, वृषणात वेगळी गाठ आहे का, हे सोनोग्राफीत पाहावं लागतं.

आपल्या देशात क्षयरोगही विसरून चालत नाही. सूज महिनोन्‌महिने, फारशी न दुखणारी, वीर्यवाहिनी मण्यांच्या माळेसारखी हाताला लागणारी, क्वचित अंडकोशाला मागून छिद्र पडून पाझरणारी, लघवीत पूपेशी पण कल्चरमध्ये काही नाही, असं दिसलं की क्षयाची तपासणी हवी. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूंनाही काही काळ दाबतं, त्यामुळे ते घेत राहिलेल्या रुग्णाचं निदान लांबतं. ओळखीच्या मेडिकलमधल्या पट्टीवर माझा राग आहे तो यासाठीही.

हे सगळं खरं, पण डॉक्टरांच्या मनात अँटिबायोटिकचा विचार यायच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा: वृषण पिळलेलं तर नाही ना? वृषण रक्तवाहिन्यांच्या एका दोरीला टांगलेलं असतं. काहींमध्ये ते जन्मतःच आजूबाजूला नीट बांधलेलं नसतं, घंटेतल्या लोलकासारखं मोकळं झुलतं. ते स्वतःभोवती फिरलं की दोरीला पीळ बसतो आणि रक्तपुरवठा तुटतो. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं, बारा तासांनंतर शक्यता निम्म्यावर येते, चोवीस तासांनंतर फारच थोडी उरते. अँटिबायोटिकचा इथे काडीचा उपयोग नाही.

हे सर्वांत जास्त दिसतं ते १२ ते १८ वयाच्या मुलांत, पण तिशी-चाळिशीतही घडतं. सूज हळूहळू दिवसा-दोन दिवसांत वाढते, पीळ मात्र अचानक बसतो. मुलगा पहाटे तीनला कळ येऊन जागा होतो आणि उलटी करतो. लघवीची जळजळ बहुधा नसते, ताप सुरुवातीला नसतो. ते वृषण दुसऱ्यापेक्षा वर चढलेलं, आडवं, टणक दिसतं. मांडीच्या आतून बोट फिरवलं की एरवी वृषण किंचित वर ओढलं जातं, पीळ असताना ते बहुधा हलत नाही. वृषण हाताने उचलल्यावर बरं वाटलं म्हणजे इन्फेक्शनच, असं जुनं ठोकताळ्याचं ज्ञान आहे. त्याच्यावर निर्णय सोडू नये, ते फसवतं.

फसण्याचं दुसरं कारण मुलाची लाज. तो आईला ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतो, खरोखरच कळ पोटात वर जात असते, आणि त्याला ओवा-सोडा देऊन झोपवलं जातं. डॉपलर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसतो का ते कळतं. सुजेत तो वाढलेला असतो, पिळात कमी किंवा बंद. पण पीळ अर्धवट असेल तर प्रवाह थोडा दिसूही शकतो, म्हणून लक्षणं स्पष्ट असतील तर सर्जन सोनोग्राफीची वाट न पाहता शस्त्रक्रिया करतात. पीळ सोडवून दोन्ही वृषणं टाके घालून जागेवर बांधतात, कारण तो मोकळेपणा बहुधा दोन्ही बाजूंना असतो. आणि कळ येऊन आपोआप थांबली तरी निश्चिंत होऊ नये. पीळ स्वतःहून सुटतो तसा पुन्हा बसतो.

म्हणून घरात बारा-तेरा वर्षांचा मुलगा असेल तर त्याला आजच सांगून ठेवा: खाली अचानक दुखलं तर रात्री उठवायचं, लाजायचं नाही. आणि तसं झालं तर सोनोग्राफीची वेळ घेत बसू नका. जिथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघंही आहेत अशा रुग्णालयात थेट न्या. निघताना मुलाला खायला-प्यायला काही देऊ नका, लगेच भूल द्यावी लागू शकते. आणि कळ किती वाजता सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतील.